पुस्तकाचा प्रस्ताव पुन्हा लिहिताना : वाचक, गरज आणि वेगळेपण

प्रकाशकाकडे येणाऱ्या पुस्तक-प्रस्तावांमध्ये लेखकाचा अभ्यास बहुधा दिसतो, विषयही बरा असतो. पण पुस्तक कोण विकत घेईल, कशासाठी घेईल आणि दुकानात आधीच असलेली पुस्तके सोडून हेच का घेईल, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. ही उत्तरे चार ओळींत स्पष्ट दिसतील अशा रीतीने प्रस्ताव पुन्हा कसा लिहावा, हे एक प्रस्ताव प्रत्यक्ष दुरुस्त करून पुढे दाखवले आहे. हा प्रस्ताव उदाहरणासाठी रचलेला असून त्यात नेहमी आढळणारे दोष मुद्दाम एकत्र आणले आहेत. विषय आहे सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या सोसायटीचा, कारभार. लेखक निवृत्त बँक अधिकारी आहेत आणि अठ्ठावीस सदनिकांच्या सोसायटीचे बारा वर्षे मानद सचिव होते, असे समजू.

ही पद्धत माहितीपर पुस्तकांसाठी आहे. कथा, कादंबरी किंवा कवितासंग्रह यांचा निर्णय संहिता वाचूनच होतो. तेथे प्रस्ताव कितीही नेटका असला तरी त्याचा उपयोग मर्यादित असतो.

मूळ प्रस्ताव

"सहकार ही महाराष्ट्राची ओळख आहे. आज राज्यात एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. मात्र कायद्याविषयीचे अज्ञान सर्वत्र आढळते. प्रस्तुत पुस्तकात सहकार कायदा, उपविधी, निवडणूक, हिशेब, करआकारणी, पुनर्विकास अशा सर्व विषयांचा सोप्या भाषेत परामर्श घेतला आहे. सभासद, पदाधिकारी, वकील, लेखापरीक्षक, विद्यार्थी व सर्वसामान्य वाचक या सर्वांना ते उपयुक्त ठरेल. मराठीत या विषयावर असे सर्वंकष पुस्तक उपलब्ध नाही. अंदाजे पृष्ठे ३२०, परिशिष्टात कायद्याच्या संपूर्ण मजकुरासह."

या परिच्छेदात असत्य असे फारसे काही नाही, आणि तरीही त्यावरून निर्णय घेता येत नाही. दोष कोठे आहे हे पाहण्याची पहिली पायरी अशी, की या विषयावरच्या दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाला जशीच्या तशी लावता येतील ती वाक्ये पेन्सिलीने खोडावीत. सहकार ही महाराष्ट्राची ओळख, अज्ञान सर्वत्र, सोप्या भाषेत, सर्वांना उपयुक्त, सर्वंकष: हे सारे खोडले जाते. उरते ती विषयांची यादी आणि पृष्ठसंख्या. लेखकाचा बारा वर्षांचा अनुभव, जो या पुस्तकाचा खरा आधार आहे, तो या परिच्छेदात कोठेच नाही, हेही या खोडाखोडीनंतरच ध्यानात येते.

पहिला वाचक ठरवणे

मराठीत बहुतेक पुस्तकांची पहिली आवृत्ती काही शे ते हजार प्रतींची असते. त्यामुळे एक लाख संस्थांचा आकडा वाचून प्रकाशकाला उत्साह वाटत नाही. त्याला पहिले हजार ग्राहक कोण, एवढेच हवे असते. मोठा आकडा विषयाचा आवाका सांगतो, खरेदी करणारा माणूस दाखवत नाही. मूळ प्रस्तावात सहा प्रकारचे वाचक आहेत आणि त्या सहांना लागणारी पुस्तके सहा वेगळी आहेत. वकिलाला निवाडे हवेत, विद्यार्थ्याला परीक्षेचा अभ्यासक्रम हवा, लेखापरीक्षकाला हे सारे आधीच ठाऊक असते, आणि सर्वसामान्य सभासद घरात गळती सुरू झाल्याशिवाय उपविधी, म्हणजे सोसायटीची नियमावली, उघडत नाही.

म्हणून लेखकाने स्वतःला विचारावे, की हे पुस्तक हातात नसल्यामुळे ज्याचे काम येत्या महिन्यात अडेल असा माणूस कोणता? येथे उत्तर स्पष्ट आहे: नव्याने निवडून आलेला मानद सचिव. त्यातही मोठ्या संकुलात पगारी व्यवस्थापक असतो, पत्रव्यवहाराला माणूस असतो. तेथला सचिव मुख्यतः सह्या करतो. अडतो तो दहा ते पन्नास सदनिकांच्या सोसायटीचा सचिव, जो दिवसभर स्वतःची नोकरी करून रात्री नोटिसा लिहितो. वाचकाचे वर्णन वय, शिक्षण, उत्पन्न यांवर न थांबता त्याच्या परिस्थितीपर्यंत आणि शक्य तर एका विशिष्ट आठवड्यापर्यंत पोहोचले पाहिजे. या वाचकाचा तो आठवडा म्हणजे आधीच्या सचिवाने कपाटाची किल्ली, दोन नोंदवह्या आणि फायलींचा गठ्ठा सुपूर्द केल्यानंतरचा आठवडा.

असा वाचक ठरला की दोन गोष्टी आपोआप हाती लागतात, आणि दोन्ही प्रकाशकाच्या हिशेबाच्या आहेत. पहिली ही, की व्यवस्थापन समितीची मुदत पाच वर्षांची असते. म्हणजे हा वाचक संपत नाही, दर निवडणुकीनंतर नवा तयार होतो. दुसरी अधिक महत्त्वाची: वाचक आणि ग्राहक येथे एकच नाहीत. पुस्तक सचिव वाचेल, पण सोसायटीच्या दप्तरात ठेवण्यासाठी ते सोसायटीच्या नावाने, पावती घेऊन विकत घेतले जाऊ शकते. मग त्याची विक्री दुकानातल्या फळीपुरती राहत नाही. जिल्ह्यांतील गृहनिर्माण संस्थांच्या महासंघांचे प्रशिक्षण वर्ग आणि एकाच वेळी अनेक सोसायट्यांचे हिशेब पाहणारी लेखापरीक्षकांची कार्यालये या वाटाही खुल्या होतात. लेखापरीक्षक मूळ प्रस्तावात वाचक म्हणून होता. आता तो पुस्तक सुचवणारा माणूस झाला, आणि ही त्याची खरी जागा आहे.

वाचक असा मर्यादित केला की लेखकाला विक्री घटण्याची भीती वाटते. ती शमवण्यासाठी "अध्यक्ष व खजिनदार यांनाही काही प्रकरणे उपयोगी पडतील" असे एक वाक्य पुरते. अध्यक्ष, खजिनदार हे वाचकांचे दुसरे वर्तुळ झाले. त्यापलीकडच्या तिसऱ्या वर्तुळातल्या वाचकांचा उल्लेखच करू नये, कारण तो वाचताच पहिल्या वाचकाविषयीची खात्री कमी होते.

गरज : अज्ञान नव्हे, अडलेले काम

"अज्ञान आढळते" हा वाचकावरचा शेरा झाला. कोणी स्वतःला अज्ञानी समजून पुस्तक विकत घेत नाही. अडलेले काम पुढे जावे म्हणून घेतो. त्यामुळे गरज लिहिताना चार गोष्टी एकापाठोपाठ सांगाव्या लागतात: काम कोणते, ते केव्हा येते, आज तो ते कसे भागवतो आणि त्यात काय बिघडते.

वार्षिक सर्वसाधारण सभेचे उदाहरण घेऊ. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, लेखापरीक्षण चार महिन्यांत म्हणजे जुलैअखेर पूर्ण व्हावे लागते आणि सभा सहा महिन्यांच्या आत, ३० सप्टेंबरपर्यंत, घ्यावी लागते. सभेची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. समजा २०२५ साली सभा रविवार, २८ सप्टेंबरला ठेवली. नवा सचिव २८ मधून १४ वजा करतो आणि १४ तारखेला सूचना लावतो. पण पूर्ण चौदा दिवस मोजताना सूचनेचा आणि सभेचा दिवस धरायचा नसतो. १४ ते २७ सप्टेंबर हे चौदा दिवस मध्ये मोकळे राहायला हवेत, म्हणजे सूचना १३ तारखेपर्यंत सभासदांच्या हाती पडली पाहिजे. एका दिवसाच्या या चुकीवर नाराज सभासद सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार घेऊन जातो, आणि दुरुस्तीच्या कामाला दिलेली मंजुरी वादात सापडते.

प्रस्तावात हा सारा तपशील येणार नाही. तो दोन वाक्यांत येईल. पण लेखकाने आधी तो असा मोकळेपणाने लिहून पाहिला पाहिजे, कारण त्यातूनच गरजेचे नेमके वाक्य सापडते. येथे ते असे निघाले: सचिवाला नियम कोठे लिहिला आहे हे शोधता येते, परंतु कोणत्या महिन्यात कोणता नियम लागू होतो आणि तो कागदावर कसा उतरवायचा, हे त्याला कोणी सांगत नाही. आधीचा सचिव कपाटाची किल्ली देतो; कामाचा क्रम सांगत नाही.

गरज खरी आहे याचा पुरावाही द्यावा, मात्र तो स्वतः गोळा केलेला असावा. या लेखकाने बारा वर्षांत शेजारच्या सोसायट्यांच्या सचिवांना दिलेली उत्तरे आठवून, जुनी पत्रे व संदेश चाळून प्रत्यक्ष विचारले गेलेले प्रश्न लिहून काढावेत आणि कोणता प्रश्न किती वेळा आला ते मोजावे. सभेची सूचना, सदनिका विकल्यानंतरचे हस्तांतरण, सभासदाच्या मृत्यूनंतर नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे हस्तांतरण, थकबाकीची वसुली आणि भाड्याने दिलेल्या सदनिकेवरचे शुल्क हे विषय वर येतात की वेगळेच, हे मोजल्यावरच कळेल. जे प्रश्न वारंवार आले ती प्रकरणे. जे एकदाच आले ते परिशिष्टात किंवा पुस्तकाबाहेर. पुनर्विकास हा मोठा आणि आकर्षक विषय आहे, पण नव्या सचिवाच्या पहिल्या वर्षाचा तो विषय नव्हे आणि त्याला स्वतंत्र पुस्तक लागेल. तो येथून काढावा. मूळ मसुद्यातला सर्वांत लांब भाग नेमका हाच असण्याची शक्यता असल्यामुळे लेखकाला हे काढणे जड जाते, तरीही ते करावे लागते.

वेगळेपण : दुकानात जाऊन लिहायचा भाग

"मराठीत असे पुस्तक नाही" हे वाक्य घरी बसून लिहिता येते, म्हणूनच त्यावर विश्वास बसत नाही. त्या प्रकाशकाच्या स्वतःच्याच यादीत या विषयावरचे पुस्तक निघाले, तर पुढचे पान उलटलेही जात नाही. म्हणून आधी प्रकाशकाची सूची पाहावी, मग एखादा दिवस पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या किंवा आपल्या शहरातल्या कायद्याच्या पुस्तकांच्या दुकानांत घालवावा आणि विषयावरचे प्रत्येक पुस्तक हातात घेऊन तीनच गोष्टी टिपाव्यात: अनुक्रमणिका कशाच्या क्रमाने आहे, आवृत्ती कोणत्या वर्षाची आहे आणि किंमत किती.

या विषयावर साधारणतः चार प्रकार आढळतात. कायद्याचा मूळ मजकूर देणारी पुस्तके कलमांच्या क्रमाने जातात. आदर्श उपविधींच्या पुस्तिका उपविधींच्या क्रमाने जातात, आणि तोच मजकूर इंटरनेटवर फुकटही मिळतो. वकिलांसाठीची भाष्ये कलमाखाली निवाडे देतात. प्रश्नोत्तरांचे संग्रह प्रश्न ज्या क्रमाने आले त्या क्रमाने किंवा विषयवार असतात. हे टिपण समोर ठेवले की वेगळेपण शोधावे लागत नाही. चारही प्रकारांत क्रम ठरवणारी गोष्ट कायदा किंवा प्रश्न आहे, सचिवाचे वर्ष नाही. एप्रिल ते मार्च असा कामाचा क्रम धरून, प्रत्येक कामासोबत भरून वापरता येईल असा सूचनेचा, इतिवृत्ताचा किंवा पत्राचा मसुदा देणारे पुस्तक यांहून वेगळे ठरते. उपविधी फुकट मिळत असताना पैसे का द्यायचे, या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

येथे एक कसोटी कटाक्षाने लावावी. वेगळेपण अनुक्रमणिकेत डोळ्यांना दिसले पाहिजे. सोपी भाषा, अनुभवसंपन्न लेखन, ओघवती शैली यांपैकी काहीही अनुक्रमणिकेत दिसत नाही. ते संहिता वाचल्यावर वाचकाने म्हणायचे असते. "एप्रिल : दप्तर ताब्यात घेणे", "सप्टेंबर : सभा" ही प्रकरणांची नावे मात्र पाहताक्षणी फरक दाखवतात.

दुसरे वेगळेपण आवृत्तीच्या वर्षातून मिळते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा असला तरी २०१९ मध्ये त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी १५४-ब या मालिकेतील कलमांचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. थकबाकीच्या वसुलीसाठी पूर्वी कलम १०१ चा आधार घेतला जाई. गृहनिर्माण संस्थांसाठी आता १५४-ब-२९ हे कलम आहे. त्यापूर्वीच्या आवृत्तीवरून अर्ज लिहिणारा सचिव जुने कलम लिहून बसतो. हे प्रस्तावात एका वाक्यात सांगावे, पण मुख्य वेगळेपण म्हणून नव्हे. अद्ययावतपणा दुसरे पुस्तक नवी आवृत्ती काढून एका वर्षात मिळवू शकते. मांडणीचा क्रम त्याला बदलता येत नाही.

याच मुद्द्याची दुसरी बाजू प्रकाशकाला टोचणारी असते: कायदा पुन्हा बदलला तर उरलेल्या प्रतींचे काय? लेखकाने ती लपवू नये. कलमांचे आकडे आणि शुल्कांच्या मर्यादा मजकुरात विखरून न टाकता एकाच तक्त्यात ठेवल्या, तर पुढच्या आवृत्तीत तेवढीच पाने बदलावी लागतात, असे सुचवता येते.

पुन्हा लिहिलेला प्रस्ताव

"दहा ते पन्नास सदनिकांच्या, पगारी व्यवस्थापक नसलेल्या सोसायटीत नव्याने निवडून आलेल्या मानद सचिवासाठी हे पुस्तक आहे. समितीची मुदत पाच वर्षांची असल्यामुळे असा सचिव दर निवडणुकीनंतर नव्याने तयार होतो, आणि त्याला दप्तर मिळते, पण कामाचा क्रम मिळत नाही. नियम त्याला उपविधींत सापडतात. कोणत्या महिन्यात कोणते काम करायचे आणि ते कागदावर कसे उतरवायचे, हे सापडत नाही. सभेच्या सूचनेचे दिवस मोजण्यात एका दिवसाची चूक झाली तरी ठराव वादात सापडू शकतो.

"उपलब्ध पुस्तके कलमांच्या, उपविधींच्या किंवा प्रश्नांच्या क्रमाने मांडलेली आहेत आणि संदर्भासाठी ती आवश्यकच आहेत. हे पुस्तक एप्रिल ते मार्च या कामाच्या क्रमाने जाते. प्रत्येक कामासोबत भरून वापरण्याचा मसुदा दिला आहे. २०१९ च्या १५४-ब मालिकेतील कलमांनुसार सर्व संदर्भ दिले असून बदलू शकणारे आकडे व कलमे एकाच तक्त्यात आहेत.

"अठ्ठावीस सदनिकांच्या सोसायटीचा मी बारा वर्षे मानद सचिव होतो. त्या काळात इतर सचिवांनी मला विचारलेल्या प्रश्नांची यादी सोबत जोडली आहे. प्रकरणे तिच्यावरून ठरवली आहेत. अध्यक्ष व खजिनदार यांनाही काही प्रकरणे उपयोगी पडतील. सोसायटीच्या दप्तरासाठी खरेदी, महासंघांचे प्रशिक्षण वर्ग आणि लेखापरीक्षकांची कार्यालये या विक्रीच्या वाटा मला शक्य वाटतात. पृष्ठे १७६."

पृष्ठसंख्या ३२० वरून १७६ वर आली ती कायद्याचा संपूर्ण मजकूर आणि पुनर्विकास गेल्यामुळे. छपाईचा हिशेब सोळा पानांच्या फॉर्ममध्ये होतो. वीस फॉर्मचे पुस्तक अकरा फॉर्मचे झाले, म्हणजे कागद, छपाई आणि त्यामुळे किंमतही उतरली. वाचक नेमका ठरवल्याचा हा सर्वांत थेट परिणाम आहे. "संदर्भासाठी आवश्यकच" हे शब्दही विचारपूर्वक घातले आहेत. इतर पुस्तकांना कमी लेखणारा प्रस्ताव वाचताना, लेखकाने ती खरोखर पाहिली आहेत का, अशी शंका येते. त्यांचा उपयोग मान्य करून आपली जागा दाखवणाऱ्या लेखकाविषयी ती येत नाही.

स्वतःविषयीचा मजकूर दोन वाक्यांचा आहे. बँकेतली बढती, मिळालेले सत्कार, वृत्तपत्रांतील स्फुटलेखन हे सारे वगळले, कारण त्यातून या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही. लेखक वकील नसल्यामुळे कायदेशीर भाग जाणकार वकिलाकडून तपासून घेण्याची तयारी असल्यास तसे एका वाक्यात जोडावे; प्रकाशक ते विचारणारच असतो.

सोबत काय जोडावे आणि तपासणी कशी करावी

प्रस्तावाचे एक पान, प्रत्येक प्रकरणाखाली दोन ओळी असलेली अनुक्रमणिका आणि एक नमुना प्रकरण एवढे पुरते. नमुन्यासाठी प्रस्तावना पाठवू नये; तीत सहकार चळवळीचा इतिहास असतो आणि पुस्तकाचा कस दिसत नाही. "सप्टेंबर : सभा" हे प्रकरण मसुद्यांसह पाठवावे, कारण दिलेले वचन तेथे पाळलेले दिसते. एकाच वेळी अनेक प्रकाशकांकडे पाठवले असल्यास तसे पत्रात नमूद करावे.

पाठवण्यापूर्वी हे पान विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला दोन मिनिटे वाचायला द्यावे, परत घ्यावे आणि तीन प्रश्न विचारावेत: पुस्तक कोणासाठी आहे, त्याचे काय अडले आहे, आणि दुसऱ्या पुस्तकात काय मिळत नाही. उत्तरे प्रस्तावातल्याच शब्दांत आली तर लिखाण उतरले आहे. पहिल्या प्रश्नाला "सोसायटीत राहणाऱ्यांसाठी" असे उत्तर आले, तर वाचकाचे वाक्य अजून सैल आहे. बहुधा दुसऱ्या वर्तुळाचे वाक्य फार वर आलेले असते, ते खाली न्यावे. दुसऱ्याला "कायदा माहीत नाही" असे आले, तर गरजेच्या जागी अज्ञानाचा शेरा परत शिरला आहे. तिसऱ्या प्रश्नाला "हे सोपे करून सांगितले आहे" असे उत्तर आले, तर प्रस्तावातले वाक्य बदलून भागणार नाही. अनुक्रमणिका समोर घेऊन प्रकरणांची नावे आणि त्यांचा क्रम पुन्हा लावावा, आणि त्यानंतरच त्या क्रमावरून वेगळेपणाचे वाक्य नव्याने लिहावे.